बॅटरीतला कोबाल्ट आणि ड्रॉवरमधली खाण

तीन हजार एमएएच क्षमतेच्या जुन्या स्मार्टफोनची बॅटरी साधारण ४५ ग्रॅम वजनाची असते. तिच्या आत ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यावर जी काळी पूड लेपलेली असते, ती बहुतेक फोनमध्ये लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडची असते. एवढी क्षमता मिळवायला अशी सुमारे २० ग्रॅम पूड लागते. या पुडीचा ६० टक्के भाग कोबाल्टचा, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम. लिथियम त्या मानाने फारच कमी, दीड ग्रॅमच्याही आत. याखेरीज तांब्याचा पातळ पत्रा, त्यावरचे ग्राफाइट, प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा आणि ज्वलनशील द्रव एवढा ऐवज त्यात असतो.

हे १२ ग्रॅम किती मोलाचे आहेत, हे कळण्यासाठी खाणीकडे पाहावे लागते. जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो आणि तिथे तो तांब्याच्या खनिजाबरोबर निघतो. त्या खनिजात कोबाल्टचे प्रमाण अनेकदा एक टक्क्याच्याही खाली असते. फोनच्या बॅटरीत मात्र वजनाच्या पाव हिश्शाएवढा कोबाल्ट आयता साठलेला आहे. खनिज म्हणून पाहिले तर ही बॅटरी कोणत्याही खाणीपेक्षा श्रीमंत ठरते. अडचण इतकीच, की खाणीतले खनिज एका जागी असते आणि ही ‘खाण’ लाखो घरांतल्या ड्रॉवरमध्ये, दुरुस्तीच्या दुकानांमागच्या खोक्यांत आणि कचऱ्याच्या डब्यांत विखुरलेली आहे.

लिथियम बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरणाची चर्चा निघाली की बोलणे बहुधा कारखान्यातल्या प्रक्रियेवर येते. ही प्रक्रिया आता बरीच पक्की झाली आहे. खरा निकाल लागतो तो बॅटरी कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचते का आणि पोहोचताना कोणाच्या संगतीत येते, यावर. हे का, हे समजण्यासाठी आधी कारखान्यात काय घडते ते पाहू.

काळ्या भुकटीपासून धातूपर्यंत

कारखान्यात आलेल्या बॅटरीतली उरलीसुरली वीज प्रथम काढून टाकतात. वाहनाचा मोठा संच असेल तर त्याचे खोके, वायरी आणि नियंत्रक सर्किट सोडवून आतले सेल वेगळे करतात. मग हे सेल मोठ्या यंत्रात फाडले जातात. या टप्प्यावर ठिणगी पडली तर आतला द्रव पेट घेतो, म्हणून फाडण्याचे काम नायट्रोजनसारख्या वायूत किंवा पाण्याच्या फवाऱ्याखाली चालते. पुढे चुंबकाने लोखंड वेगळे होते. वाऱ्याच्या झोताने आणि चाळण्यांनी प्लास्टिक, तांबे आणि ॲल्युमिनिअमचे तुकडे बाजूला पडतात. तळाशी उरते ती बारीक काळी भुकटी. या धंद्यात तिला ‘ब्लॅक मास’ म्हणतात. कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम आणि ग्राफाइट हे सगळे तिच्यात एकत्र असते.

ही भुकटी सौम्य सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवतात. धातू विरघळतात, ग्राफाइट विरघळत नाही, ते गाळून निघते. आता सगळे धातू एकाच द्रावणात आहेत आणि त्यांना एकेक करून बाहेर बोलवायचे आहे. द्रावणाचा सामू हळूहळू वाढवला की आधी लोह आणि ॲल्युमिनिअमचा साका बसतो. त्यानंतर तेलासारखे खास द्रावक द्रावणात घुसळतात. ठरावीक सामूला एक द्रावक मँगनीज उचलतो, दुसरा कोबाल्ट उचलतो, निकेल मागे राहते. कोबाल्ट आणि निकेल सल्फेटच्या स्फटिकांच्या रूपात मिळतात आणि नवी बॅटरी बनवणाऱ्याला ते तसेच हवे असतात.

लिथियमची पाळी शेवटी येते. उरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा घालून ते उकळीच्या जवळ नेतात. साखर किंवा मीठ गरम पाण्यात अधिक विरघळते, लिथियम कार्बोनेटचे मात्र उलटे आहे. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ते सुमारे दीड ग्रॅम विरघळते, तर १०० अंशाला त्याच्या निम्मेच. म्हणून द्रावण तापवले की पांढरी पूड खाली बसते आणि ती गरम असतानाच गाळून घेतात.

चांगल्या कारखान्यात या वाटेने कोबाल्ट आणि निकेलचा ९५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग परत मिळतो. लिथियम सर्वात शेवटी येत असल्याने प्रत्येक साक्यासोबत आणि प्रत्येक धुलाईत थोडे थोडे निसटते, त्यामुळे त्याचे प्रमाण याहून कमी राहते. ग्राफाइट परत मिळवता येते, पण त्याला बॅटरीच्या दर्जाचे बनवणे खर्चाचे असल्याने ते पुष्कळदा जाळले जाते किंवा टाकले जाते. आतला द्रव बहुतेक ठिकाणी तापवून उडवून दिला जातो आणि त्याचे वायू धुऊन निकामी करावे लागतात.

दुसरी वाट भट्टीची. १४०० अंशांच्या पुढे तापवलेल्या भट्टीत बॅटऱ्या टाकल्या की ग्राफाइट आणि प्लास्टिक इंधनासारखे जळतात. कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांचा मिश्रधातू तळाशी जमतो. लिथियम, ॲल्युमिनिअम आणि मँगनीज मळीत जातात. भट्टीला मालाची निवड फारशी लागत नाही, हा तिचा गुण. पण मळीतून लिथियम काढायचे तर त्यासाठी वेगळी प्रक्रिया आणि वेगळा खर्च आला.

दिसायला जुळी, आतून वेगळी

‘लिथियम बॅटरी’ हे एका वस्तूचे नाव नाही. ग्राफाइट, तांबे, ॲल्युमिनिअम आणि द्रव जवळपास सगळ्यांत सारखेच असतात. फरक असतो तो धन बाजूच्या काळ्या पुडीत. फोन आणि लॅपटॉपमध्ये कोबाल्टवाली पूड असते. अनेक विद्युत वाहनांत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्रण असते, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एनएमसी म्हणतात. तिसरे कुटुंब लिथियम, लोह आणि फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी. ते स्वस्त, दीर्घायुषी आणि तापायला कमी घाबरणारे असल्याने दुचाकी, ई-रिक्षा, बस आणि घरच्या इन्व्हर्टरपर्यंत झपाट्याने पसरले आहे.

एकाच क्षमतेच्या दोन स्कूटर घेतल्या तर फरक स्पष्ट होतो. दोघींची बॅटरी तीन किलोवॉट तासांची, म्हणजे पूर्ण चार्ज व्हायला तीन युनिट वीज लागणारी. एनएमसी बॅटरीत सुमारे पाच किलो काळी पूड लागते. निकेलचे प्रमाण मध्यम असलेल्या प्रकारात तिच्यात पावणेदोन किलोच्या आसपास निकेल, अर्ध्या किलोहून थोडा जास्त कोबाल्ट, साधारण तेवढेच मँगनीज आणि ३५० ग्रॅम लिथियम असते. एलएफपी बॅटरीत सहा किलो पूड लागते आणि तिच्यात दोन किलोहून थोडे जास्त लोह, फॉस्फेट आणि सुमारे २६० ग्रॅम लिथियम असते. निकेल नाही, कोबाल्टही नाही.

पहिल्या स्कूटरची बॅटरी कारखानदार पैसे देऊन विकत घेतो, कारण निकेल आणि कोबाल्ट विकून खर्च भागतो. दुसरीतले लोह भंगारातल्या खिळ्यांच्या मोलाचे. तिथे विकण्याजोगे म्हणजे तांबे, ॲल्युमिनिअम आणि ते २६० ग्रॅम लिथियम. त्या लिथियमपासून कमाल १४०० ग्रॅम लिथियम कार्बोनेट बनते आणि त्याचा बाजारभाव गेल्या काही वर्षांत प्रचंड वरखाली झालेला आहे. भाव चढा असताना एलएफपीवर प्रक्रिया परवडते. भाव कोसळला की तीच बॅटरी कारखानदाराला ओझे वाटते आणि ती घेण्यासाठी उलट तोच पैसे मागतो.

एक पोते चुकले तर

दोन्ही कुटुंबे वेगवेगळी आली तर दोघांसाठीही वाटा आहेत. ती मिसळून आली की दोघांचेही नुकसान होते. एक साधा हिशेब करून पाहू. एनएमसीची १०० किलो काळी पूड आम्लात जायची आहे आणि तिच्यात चुकून एलएफपीची १० किलो पूड मिसळली आहे, असे समजा. या १० किलोंत साडेतीन किलो लोह आणि त्याला जुळेल एवढे फॉस्फेट आहे. आम्लात ते विरघळते. त्यासाठी आम्ल खर्च होते आणि पुढे सामू वाढवताना अल्कलीही जादा लागते. मग लोह फॉस्फेटचा साका बसतो, तोही आत अडकलेले पाणी धरून १२ किलोंच्या घरात. हा साका कमालीचा बारीक आणि चिकट असू शकतो. गाळणीचे कापड त्याने तुंबते आणि त्याच्या चिखलात निकेल-कोबाल्टचे द्रावण स्पंजासारखे अडकून राहते. ते मिळवायचे तर साका पुन्हा पुन्हा धुवावा लागतो आणि प्रत्येक धुलाईने द्रावण पातळ होते.

फॉस्फेट पुरते निघाले नाही तर त्रास शेवटपर्यंत जातो. लिथियम फॉस्फेट पाण्यात फारच कमी विरघळते. त्यामुळे द्रावण अल्कधर्मी होताच काही लिथियम नको त्या टप्प्यावर साका होऊन बसते आणि पांढऱ्या पुडीचा दर्जा बिघडतो. थोडक्यात, बाहेर पडलेल्या मालात लोह किंवा फॉस्फेट ठरलेल्या मर्यादेबाहेर दिसले की चूक आम्लाच्या टाकीत शोधून उपयोग नसतो. ती बहुधा आठवड्यापूर्वी, गोदामात पोती रचताना झालेली असते.

अशीच गोष्ट ॲल्युमिनिअम आणि तांब्याच्या कपच्यांची. फाडलेला माल नीट चाळला गेला नाही आणि ॲल्युमिनिअम भुकटीत राहिले तर आम्लात त्याच्यापासून हायड्रोजन निघतो आणि तो स्फोटक असतो. तांबे राहिले तर ते काढण्यासाठी आणखी एक टप्पा वाढतो. म्हणूनच काळ्या भुकटीची किंमत ठरवताना खरेदीदार प्रयोगशाळेत नमुना तपासतो आणि निकेल-कोबाल्ट किती यासोबत नको असलेले पदार्थ किती, हेही पाहतो.

ओळखायचे कसे?

निवड करणाऱ्या कामगारापुढे दंडगोल सेलचा ढीग असतो, त्यांतले निम्मे निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टनात. वरून पाहून रसायन कळत नाही. वेष्टनावर छापलेला आकडा शाबूत असेल तर काम सोपे होते. एलएफपी सेलवर ३.२ व्होल्ट लिहिलेले असते, तर कोबाल्ट किंवा निकेलवाल्या सेलवर ३.६ किंवा ३.७. पण जुन्या सेलवरचे छापील अक्षर पुसलेले असते आणि दुरुस्ती करणाऱ्याने वेष्टन बदललेलेही असते.

मग मीटर लावून व्होल्टेज मोजावे, असे वाटेल. इथे फसगत होते. मीटरवर ३.९ दिसले तर तो सेल एलएफपी नाही हे नक्की, कारण पूर्ण चार्ज झालेला एलएफपी सेल ३.६५ व्होल्टच्या पुढे जात नाही. पण ३.२ दिसले तर काहीच सिद्ध होत नाही. तो एलएफपी असेल किंवा जवळपास रिकामा झालेला एनएमसीही असेल. खात्री करायची तर सेल चार्ज करून पाहावा लागतो आणि जुना, अज्ञात सेल चार्ज करणे हेच मुळात धोक्याचे. त्यामुळे सर्वात भरवशाची निवड ही बॅटरी उघडण्याआधीची असते. वाहनाचे मॉडेल, निर्मात्याचे लेबल, बनवल्याचे वर्ष ही माहिती बॅटरीसोबत टिकली तर रसायन कळते. संच सोडवून सेल सुटे झाले आणि पोत्यात पडले की ती माहिती कायमची हरवते.

निवडीचा दुसरा भाग सुरक्षेचा आहे. फुगलेले, चेपलेले, गळणारे सेल चांगल्या सेलपासून लांब ठेवावे लागतात. एका सेलच्या आत धन आणि ऋण पत्रे एकमेकांना टेकले की तो तापतो, त्याची उष्णता शेजाऱ्याला लागते आणि ढीगच पेटतो. २९ जून २०२१ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मॉरिस या गावी कागदाच्या एका बंद कारखान्याच्या इमारतीत साठवलेल्या सुमारे १०० टन लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. विषारी धुरामुळे हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. बॅटरीतल्या लिथियमच्या क्षारात फ्लोरिन असते. आगीत किंवा नुसत्या ओलाव्यानेही त्यापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. हा वायू डोळे, फुप्फुसे आणि त्वचा जाळतो. भंगाराच्या वखारीत तांब्यासाठी सेल फोडणारा किंवा जाळणारा माणूस हाच वायू श्वासात घेत असतो.

शिसे परत येते, लिथियम का नाही?

इन्व्हर्टरची किंवा मोटारीची शिशाची बॅटरी बाद झाली की ती कोणी कचऱ्यात टाकत नाही. दुकानदार जुनीच्या बदल्यात नवीन बॅटरीवर सूट देतो आणि दारावर येणारा भंगारवालाही तिचे रोख पैसे मोजतो. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते, सगळ्यांचे रसायन एकच असते आणि शिसे सहज वितळते. म्हणून कोणी जनजागृती न करताही ती परत येते. तिच्यावरची प्रक्रिया अनेक ठिकाणी घातक पद्धतीने होते, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण संकलनाचे कोडे तिथे बाजारानेच सोडवलेले आहे.

लिथियमच्या बाबतीत तो हिशेब जुळत नाही. फोनची एक बॅटरी देऊन हाती येणारी रक्कम इतकी किरकोळ असते, की ड्रॉवर उघडण्याचे श्रमही कोणी घेत नाही. भंगारवाल्याला एका जागी पुरेसा माल मिळत नाही. मिळालाच तर त्यातले बरे सेल निवडून स्वस्त पॉवर बँकेत घातले जातात आणि उरलेले फोडून तांबे, ॲल्युमिनिअम काढले जाते. कोबाल्टवाली काळी पूड, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मातीत जाते. शिवाय या बॅटऱ्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक मालाच्या यादीत आहेत. योग्य पॅकिंग, कमी प्रमाणात साठवण आणि लांबचा प्रवास यांमुळे कारखान्याच्या दारापर्यंत आणण्याचाच खर्च मोठा होतो.

या साखळीत कोणती कडी किती मोलाची आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. बाद झालेल्या १०० बॅटऱ्यांपैकी ३० गोळा झाल्या. त्यांतल्या दहा टक्के चुकीच्या निवडीने किंवा नुकसानीने बाद झाल्या, म्हणजे २७ उरल्या. कारखान्याने त्यांतला ९५ टक्के कोबाल्ट काढला. हाती आला जवळपास २६ बॅटऱ्यांचा कोबाल्ट. आता कारखान्याने मोठा खर्च करून ९५ वरून ९८ टक्क्यांवर मजल मारली तर काय होते? २६ चे साडेसव्वीस होतात. तोच खर्च संकलनावर केला आणि ३० ऐवजी ४५ बॅटऱ्या आल्या तर जुन्याच प्रक्रियेने ३८ बॅटऱ्यांचा कोबाल्ट मिळतो. ड्रॉवरमध्ये राहिलेल्या बॅटरीतून शून्य टक्केच मिळते, प्रक्रिया कितीही उत्तम असो.

नियम काय मोजतात

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाले. २००१ चे जुने नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या आणि त्या परत गोळा करून प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर आली. त्या कचराभूमीत पुरणे किंवा जाळणे यांवर बंदी आली. फोनसारख्या लहान बॅटऱ्या आणि विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या यांच्या कोरड्या वजनाचा किती भाग परत मिळवायचा, याचे प्रमाण २०२४-२५ मध्ये ७० टक्के, पुढच्या वर्षी ८० आणि २०२६-२७ पासून ९० टक्के ठेवले आहे.

यात एक मेख आहे. वजनाचे उद्दिष्ट गाठताना पोलाद, ॲल्युमिनिअम, तांबे आणि प्लास्टिक यांचा मोठा हातभार लागतो. लिथियम वजनाने इतके थोडे, की ते पूर्ण वाया गेले तरी एकूण टक्केवारी जेमतेम हलते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनात म्हणून धातूंची नावे घेऊन वेगळी उद्दिष्टे घातली आहेत. २०२७ अखेर कोबाल्ट, निकेल आणि तांबे ९० टक्के, तर लिथियम ५० टक्के परत मिळवायचे. २०३१ अखेर हेच आकडे ९५ आणि ८० वर न्यायचे. त्याच्या जोडीला लहान बॅटऱ्यांच्या संकलनाचे उद्दिष्टही आहे: २०२३ अखेर ४५ टक्के, २०२७ अखेर ६३ आणि २०३० अखेर ७३. कारखान्याकडून ९५ टक्क्यांची अपेक्षा ठेवणारा कायदाही संकलनाबाबत ७३ वर थांबतो. यावरूनच अवघड कडी कोणती, ते दिसते.

घरच्या पातळीवर या साखळीत करण्याजोगे काम थोडे आहे, पण ते आधीच्या टप्प्यावरचे आहे. बाद बॅटरी ओल्या वा सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचरागाडीत ती दाबली गेली की पेट घेऊ शकते. तिच्यावर छापलेले फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात किंवा ती कंपनी परत घेत असेल तर तिच्या सेवा केंद्रात द्यावी. वीज काढून टाकण्यासाठी ती घरी मिठाच्या पाण्यात बुडवू नये. टोके गंजून आतला द्रव बाहेर येतो. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये, ती वेगळी, पेट न घेणाऱ्या भांड्यात ठेवावी आणि देताना ती फुगलेली आहे हे सांगावे. आणि बॅटरीवरचे लेबल काढू नये. त्यावरचा व्होल्टचा बारीक आकडाच पुढे एखाद्या गोदामात ती कोणत्या पिंपात जाणार, हे ठरवणार असतो.